मधला दांडा

चांद्यात एका खासगी मोटर कंपनीत मी नकाशे काढायला लागलो, तेव्हा जिल्ह्यातला कोणताही प्रवास एका गाडीनं पुरा होत नसे. नागभीडला छोटी रेल्वे बदला, मूलला मोटर धरा, सावलीच्या पुढे वैनगंगा आली की उतरा, डोंग्यानं पार व्हा आणि पलीकडे उभ्या असलेल्या दुसऱ्या मोटरीत बसा, तेव्हा कुठं गडचिरोली. नवख्या माणसाला हे कळावं म्हणून मॅनेजरांनी मला मार्गांचा नकाशा काढायला सांगितलं.

पहिला नकाशा मी मोजमापानं काढला. तो कोणाच्याच कामाचा नव्हता. चांदा-मूलकडे नावं एकमेकांवर चढलेली, अहेरीकडे नुसता कोरा कागद. मग मोजमाप सोडलं. रेघा फक्त आडव्या, उभ्या किंवा पंचेचाळीस अंशाच्या तिरप्या ठेवल्या. सगळी थांब्यांची ठिकाणं सारख्या अंतरावर घेतली. जंगलातली लांब वाट आखडली, गावांजवळची दाटी मोकळी झाली. अंतर खोटं झालं तरी चालतं, कारण प्रवाशाला क्रम हवा असतो आणि गाडी कुठं बदलायची ते. ते मात्र खोटं चालत नाही.

म्हणून बदलीच्या जागांना मी दोन खुणा केल्या. जिथं उतरून त्याच आवारात दुसरी गाडी मिळते तिथं एक गोल कडी. जिथं मध्ये चालावं लागतं किंवा नदी उतरावी लागते तिथं दोन कड्या आणि त्यांना जोडणारा दांडा. खाली सूचीत दोन्ही खुणांचा अर्थ लिहिला. वैनगंगेवर दोन कड्या आल्या, दांड्याखालून निळा पट्टा गेला आणि बाजूला 'डोंगा' हा शब्द.

मॅनेजरांनी नकाशा टेबलावर पसरला. बराच वेळ बोटानं रेघा चाचपल्या.

"चांगला आहे. पण हे नदीवर काऊन दोन कड्या?"

"लोकांले उतराव लागते ना, साहेब. डोंगा बंद असला तर अलीकडेच राहाव लागते."

"अरे, 'डोंगा' वाचून तिकीट कोण घेईन? एक कडी कर. निळा पट्टाही पूस."

"एक कडी म्हणजे त्याच जागी गाडी मिळते, असा अर्थ होते. तसं मी नाई काढत."

ते रागावले नाहीत. नकाशा गुंडाळून त्यांनी पाट्या रंगवणाऱ्याकडे दिला. त्यानं दोन कड्यांची एक केली, पट्टा आणि 'डोंगा' पुसला आणि छापखान्यात तोच नकाशा गेला. मूलच्या मोटर स्टँडवर त्याची मोठी रंगवलेली पाटी लागली. लोक थांबून बघत आणि किती सोपं झालं म्हणत. मला तो नकाशा बघवत नसे.

श्रावणात एक बाई ऑफिसात आली. नागपूरहून गडचिरोलीच्या शाळेत नेमणूक झालेली मास्तरीण होती. छापील नकाशाची घडी तिनं मॅनेजरांपुढे उघडली आणि त्या एका कडीवर बोट ठेवलं.

"इथं दुसरी मोटर मिळते असं लिहिलं आहे. माझी आई दम्याची. पावसात तिला घेऊन काठावर उतरले. नदी भरलेली, डोंगा बंद, तुमची गाडी परत गेलेली. छप्पर नाही. सावली गावी बैलगाडीनं नेलं, तिथं तिसऱ्या दिवशी ती गेली. नदी आहे हे माहीत असतं तर मी तिला नागपूरलाच ठेवून आले असते. हे कोणी काढलं?"

मॅनेजरांनी माझ्याकडे बघितलं. "यांनी."

मी माझी मूळ प्रत काढली आणि तिच्यासमोर ठेवली. दोन कड्या, दांडा, निळा पट्टा. तिनं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले. मला वाटलं, आता ती मॅनेजरांकडे वळेल. ती वळली नाही.

"म्हणजे तुम्हा सगळ्यांनाच माहीत होतं," एवढंच म्हणाली आणि स्वतःचा नकाशा तसाच टेबलावर सोडून गेली.

दुसऱ्या दिवशी मी मूलला गेलो. स्टँडवरच्या पाटीवर ब्रशनं दुसरी कडी काढली, दांडा ओढला, 'डोंगा' लिहिलं. स्टँडचा कारकून म्हणाला, "भाऊ, तुमाले हुकूम आहे का?" मी नाही म्हणालो. आठवड्याच्या आत माझी नोकरी गेली आणि पाटी पुन्हा रंगली. पुढच्या हंगामात तोच एका कडीचा नकाशा दुसऱ्यांदा छापला, या वेळी चांगल्या कागदावर.

मी पुढे जमीन मोजणीत लागलो. तिथं कोणी काही सोपं करायला सांगत नाही. मोजणीच्या कामानं गडचिरोलीला जाताना एकदा ती मास्तरीण डोंग्यात समोरच बसली होती, मांडीवर वह्यांचा गठ्ठा. तिनं मला ओळखलं. नमस्कार करायला माझे हात उचलले गेले. तिनं तोंड पाण्याकडे फिरवलं, ते काठ लागेपर्यंत तसंच ठेवलं.