सरांची जुळलेली जोडी

गंगापूर रोडवरच्या कॉलेजात मी पीएचडी करत होते. दोन प्रथिनं एकमेकांना चिकटतात, हे सिद्ध करायची आमच्या सरांना भलती घाई. दोन्ही यीस्टमध्ये घातली होती; ती चिकटली तरच हिस्टिडीन हे अमिनो आम्ल बनवणारं जनुक चालू होऊन यीस्ट बाहेरच्या हिस्टिडीनशिवाय वाढणार होतं. ते वाढलं, आणि सरांनी लगेच पोस्टर छापलं.

मी दुसरं प्रथिन वगळून पाहिलं, तरी यीस्ट वाढलंच. पहिलं एकटंच ते जनुक चालू करत होतं. मग दोन्ही प्रथिनांना चमकणारं प्रथिन जोडून कांद्याच्या पापुद्र्यात पाहिलं. पहिल्याचा हिरवा उजेड फक्त केंद्रकात, दुसऱ्याचा पेशीच्या पटलावर.

"सर, ही दोघं भेटतच नाहीत."

"पोस्टर छापून झालंय," सर म्हणाले.

त्या पोस्टरला पहिलं बक्षीस मिळालं. कंट्रोल, म्हणजे एकेका प्रथिनाची वेगळी चाचणी, कुठाय, असं एकाही विद्वान परीक्षकानं विचारलं नाही. पुढे त्यावरच लिहिलेल्या शोधनिबंधातून माझं नाव काढा म्हटलं, तर सरांनी ते आनंदानं काढलं.