आधीच तपासलेले डबे

प्रेमलालभाऊले मी मूर्ख म्हणते, अन् त्याच्या तोंडावर म्हणते. हसते बिचारा. आता हसत नाही, पण मी म्हणायचं काही सोडलं नाही. इतकं इमानदार राहायचं त राहा, पण थोडं डोकंही लावत जा ना बाप्पा!

माझं पिको-फॉलचं दुकान अन् त्याचं दुकान, मधी एकच भिंत. बालाघाटहून भरवेलीकडे जाणाऱ्या रोडवर. खदानीवाल्या लोकायच्या मोटरसायकली दिवसभर समोरून जातात, त्याची लाल धूळ माझ्या कपड्यायवर बसते. त्याच्या दुकानात प्रोटीन पावडरचे डबे. पोट्टे भरतीची तयारी करतात, जिममध्ये जातात, त्यायले लागते ते. प्रेमलालभाऊ स्वतः आखाड्यातला माणूस. मान अशी जाड की माझा टेप त्याले कमी पडे.

दुकान त्यानं पैशासाठी नाही टाकलं, हे मले माहीत आहे. त्याच्या आखाड्यातला जोडीदार होता, पुनाराम. कुठून तरी स्वस्तातला डबा आणे. एक दिवस डोळे पिवळे झाले, नागपूरले नेलं, तिथून त्याचं मढंच आणलं. पावडरनंच गेला असं काही कोणत्या डॉक्टरनं लिहून दिलं नाही. पण प्रेमलालभाऊनं तो डबा उचलला, डब्याची चंदेरी पट्टी घासली, खालचा नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला. आलं की हा नंबर आमच्याकडे नाहीच. तेरवी झाल्यावर तो माझ्या ओट्यावर बसला अन् म्हणला, "मंजूताई, हे पाहायले दोन मिनिटं लागली. दोनच मिनिटं. कोणी पाह्यलंच नाही."

मंग दुकान. सुरुवातीले काय करे, गिऱ्हाईक आलं की त्याच्यासमोरच पट्टी घासे. मोबाइलवर कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करे. डब्यावरचा चौकोन स्कॅन नाही करायचा, म्हणे. चौकोन कोणीही छापते अन् कुठंही नेते. बॅच नंबरवरही त्याचा भरोसा नव्हता. "एका बॅचचे हजारो डबे राहतात ताई. डुप्लिकेटवाला एक खरा डबा विकत घेते अन् तोच नंबर सगळ्यायवर छापते. बॅच बरोबर निघाली म्हणजे माल बरोबर असं नाही. पण पट्टीखालचा नंबर एका डब्याले एकच." मी कपड्याले फॉल लावता लावता हे इतक्यांदा ऐकलं की मलेच पाठ झालं.

एकदा गिऱ्हाईकासमोरच घोळ झाला. परसवाड्याचा माणूस होता, पोराले सोबत घेऊन आलता. पट्टी घासली, नंबर टाकला, अन् आलं की नोंदीत नाही. गोंदियाच्या एका एजंटानं त्या खेपेत एक डुप्लिकेट घुसवला होता. प्रेमलालभाऊचं तोंड असं उतरलं! त्या एजंटाले त्यानं फोनवर जे ऐकवलं ते मी लिहू शकत नाही. माल वापस केला, एजंट सोडला, जबलपूरच्या कंपनीच्या डीलरकडून पक्क्या बिलावर माल घेऊ लागला.

अन् इथंच त्यानं ते केलं. खराब डबा काऊंटरपर्यंत यायलेच नको, म्हणून खोके आले की दुपारभर बसून सगळ्या डब्यायच्या पट्ट्या स्वतः घासायचा. एकेक नंबर टाकायचा. स्क्रीन हिरवी झाली की डब्यावर कागद चिकटवायचा, त्याच्या हातानं लिहिलेला, "तपासले," खाली तारीख, खाली सही. गिऱ्हाईक खुश. नेट नसलं तरी थांबायची गरज नाही. मीसुद्धा म्हणली, हे बरं केलं भाऊ. मले काय माहीत!

पट्टीजवळ बारीक इंग्रजीत लिहिलेलं होतं की ही पट्टी घेणाऱ्यानंच घासायची. कोण वाचते ते? त्याच्या पोरीले, अपेक्षाले, इंग्रजी येते, पण तिले कोणी दाखवलंच नाही.

दिवाळीनंतर नव्या जिमवाल्या वीरेंद्रनं आपल्या पोट्ट्यायले सांगितलं की डबा घेतला की स्वतः चेक करा. बात त बरोबरच होती. मग संकेत नावाचा एक पोट्टा, प्रेमलालभाऊचं दोन वर्षाचं गिऱ्हाईक, त्यानं घरी बसून नंबर टाकला. स्क्रीन लाल. लिहिलेलं की हा नंबर याआधी तपासला गेला आहे, अमुक तारखेले, दुपारी तीन वाजून बावन्न मिनिटाले. तुम्ही तपासला नसेल त हा माल नकली असू शकते, सावध राहा.

संकेत सकाळीच आला. मागं चारपाच जण.

"भैया, ये क्या है? लाल दिखा रहा है."

प्रेमलालभाऊ हसला. खरंच हसला, मी पाहून राह्यली होती. "अरे, ते मीच पाह्यलं ना. कागदावर तारीख पाय. तीच तारीख आहे का नाही?"

संकेतनं तारीख पाह्यली. तीच होती. एक क्षण मले वाटलं, मिटलं. तेवढ्यात मागचा एक म्हणला, "तारीख तो कोई भी लिख देगा. एक असली नंबर लेके सौ डिब्बे पे चिपका दिया, और पहले से लिख दिया 'तपासले'."

मी मधात पडली. म्हणलं, अरे मेल्याहो, मी रोज पाहून राह्यली ना या माणसाले! त माझ्याकडे पाहून हसले. बिल दाखवलं, त म्हणे बिल छापता येते. दुसरा डबा काढला, त्याचा नंबर टाकला, लाल. तिसरा, लाल. सगळेच लाल येणार ना, सगळेच यानं तपासले होते! जितके डबे काढत गेला तितका स्वतःच्या गळ्यात फास अडकवत गेला. मी ओरडली, "भाऊ, बंद कर!" त्याले ऐकूच येत नव्हतं.

फोटो काढले. संध्याकाळपर्यंत सगळ्या ग्रुपवर फिरले.

दुसऱ्या दिवशी त्यानं कंपनीच्या नंबरवर फोन लावला, आवाज मोठा करून, मी शेजारी बसली. कंपनीतली पोरगी चांगली बोलली, उगाच खोटं काहून बोलू. म्हणे, सर, आमच्याकडे नंबर कधी टाकला अन् किती वेळा टाकला इतकंच राहते, कोणी टाकला ते राहत नाही. प्रेमलालभाऊ म्हणला, बाई, मी टाकला, मीच टाकला. ती म्हणे, हौ सर, असेल, पण आम्ही हे लिहून देऊ शकत नाही. नंबर पहिल्यासारखा करता येईल का? नाही सर. डबे वापस? पट्टी घासली आहे सर, डीलर वापस घेणार नाही. शेवटी म्हणे, पुढच्या वेळी ग्राहकालेच घासू द्या.

पुढची वेळ! तीन खोके भरलेले होते आत. सगळे खरे. मले आजही त्या पोरीचा राग नाही, तिचं काम तिनं केलं. पण तिनं "पुढच्या वेळी" म्हणलं अन् प्रेमलालभाऊनं "हौ" म्हणलं, तेव्हा मले रडू आलं. मी मशीन जोरात चालवली.

मंग वीरेंद्रच्या जिमच्या खालीच नवीन दुकान निघालं. तिथल्या डब्याची पट्टी कोणी घासतच नाही. वर मोठा चौकोन, स्कॅन केला की हिरवं पान उघडते, मोठ्ठी टिक, "असली." दहा वेळा स्कॅन करा, दहाही वेळा हिरवं. प्रेमलालभाऊनं एकदा तिथला रिकामा डबा आणून मले दाखवलं. वर जो पत्ता उघडते त्यात कंपनीच्या नावात एक अक्षर जास्त. खरं पान दुसऱ्या वेळेले लाल होते, हे पान कधीच लाल होत नाही. "समजलं का ताई? जे नेहमी हिरवं राहते तेच खोटं." समजलं ना. पण मले समजून काय होते? पोट्टे भरतीसाठी पळतात त्या ग्राऊंडवर जाऊन त्यानं सांगितलं, त म्हणे काकाचा धंदा बुडाला म्हणून जळते.

अपेक्षा त्याच ग्राऊंडवर पळते. पोलीस भरतीची तयारी. बापाची एकुलती एक, आई लवकर गेलेली. दोन वर्षापासून सकाळी उठून पळते, छाती भरून येते पाहून. मागच्या आठवड्यात तिनं ट्रॅकसूटची चेन बदलायले माझ्याकडे पिशवी आणून दिली. मी ट्रॅकसूट काढायले हात घातला, त हातात डबा लागला. त्या नव्या दुकानाचा. अर्धा संपलेला.

मी विचार नाही केला. माझा स्वभावच तसा. "प्रेमलालभाऊ!" म्हणून आवाज दिला. तो आला. अपेक्षा भिंतीले टेकून उभी. त्यानं डबा हातात घेतला. पट्टी घासली, नखानं. पत्ता टाइप केला, नंबर टाकला. पान उघडलं अन् त्यानं मोबाइल पोरीपुढं धरला. नोंदीत नाही.

"मले माहीत आहे, बाबा," अपेक्षा म्हणली.

त्यानं मोबाइल खाली केला.

"तुमचे खरे आहेत, तेबी माहीत आहे. तुम्ही तपासत होते तेव्हा मीच मोबाइल चार्जिंगले लावून देत होती ना! पण तिथं सगळे एकमेकायचे डबे पाहतात. तुमचा नेला त म्हणतात, पाय, डुप्लिकेटवाल्याची पोरगी आली. मले कोणी सोबत पळू देत नव्हतं. हा घेतला त देतात."

"पितं का तू हे?"

"पिते. दोन महिने झाले."

मले वाटलं आता हा ओरडेल, डबा आपटेल. मी त आपटलाच असता. त्यानं डबा माझ्या मशीनवर ठेवला, अन् असं काही बोलला की मी त्या माणसाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. सगळं उघड्यावर करणारा माणूस हा. हळूच म्हणला, "माझा पी. घरी, दरवाजा लावून पी. त्यायले हा दाखव, अन् माझा पी. कोणाले सांगू नको."

अपेक्षा रडायले लागली. "तुमचे मागच्या महिन्यात एक्स्पायर झाले, बाबा. सगळे. मी पाह्यलं."

प्रेमलालभाऊ आत गेला. मले भिंतीतून खोके उघडल्याचा आवाज आला, एक, दोन, तीन. तो डबा उलटा करून तारीख पाहत होता, एकेक डबा, जसा आधी नंबर पाहायचा तसाच, एकही सोडत नव्हता. अपेक्षानं मशीनवरचा डबा उचलला अन् पिशवीत टाकला. मी तिले थांबवलं नाही. काय देऊन थांबवू? सकाळी तिले पळायले जायचं होतं.