लोणच्याच्या बरण्यांचे कंदील

त्या दुष्काळात आमच्या कळंबकडच्या गावात बायकांच्या सहकारी संस्थेनं कंदील काढायला घेतले. लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरण्या बाहेरून रंगवायच्या, तारेची कडी लावायची, गळ्याला सुतळी गुंडाळायची, आत चपटी मेणबत्ती. दिवाळीला माल शहरात जायचा. जिचे कंदील सरस, ती हे काम शिकवणारी संस्थेची पगारी शिक्षिका होणार होती.

ती जागा माझ्या नणंदेला हवीच होती. नवऱ्यानं मारून हाकलून दिलेली. माझ्या यजमानांनी, म्हणजे तिच्याच भावानं, सांगून टाकलं होतं, "जागा मिळाली तर ऱ्हा. न्हायतर दिवाळीच्या आधी तुला नवऱ्याकडं धाडतो."

मी नवी सून, तिच्या हाताखाली. माझी कडी एवढी बुटकी की धरणाऱ्याची बोटं भाजावीत. "वैनी, ह्यो कंदील हाय का चटका द्यायचं उलथनं?" वन्सं हसायच्या. त्या स्वतः बरणीच्या काठाखाली तारेचा फेरा आवळून पक्कडीनं पीळ द्यायच्या, कडी उंच वाकवायच्या आणि फेऱ्यावर सुतळी घट्ट बसवायच्या.

टँकरचा नेम नव्हता. सगळ्या जणी बरण्या कोरड्या राखेनं पुसत. वन्संनी पुसलेल्या बरणीवर बोट फिरवून दाखवलं. "तेल हाय अजून. ह्याच्यावर रंग धरायचा न्हाय." मग आपल्या वाट्याचं आंघोळीचं पाणी त्यांनी बरण्यांना घातलं, दिवसामागून दिवस. सासूबाईंनी त्यांचं ताट दाराशी मांडायला सुरुवात केली. मी उदबत्ती लावायचे, देवासाठी म्हणून.

निवडीच्या दिवशी अध्यक्षीणबाई एकेका बरणीवर नख ओढत गेल्या. माझं कमळ तर देठासकट सुटून त्यांच्या नखाला चिकटलं. बायका खो खो हसल्या. वन्संच्या रंगाचा टवकाही निघाला नाही.

"कशानं धुतल्यास गं?"

"पाण्यानं, बाई. माझ्याच आंघोळीच्या."

"लेकरं टँकरमागं पळत्यात, आन् ही बरण्यास्नी न्हाऊ घालती! तरीच म्हणलं, वास कशाचा येतोय!"

यावर सगळ्यांत मोठ्यानं सासूबाई हसल्या.

जागा अध्यक्षीणबाईंच्या जावेला मिळाली. तिचा रंग माझ्यासारखाच सोललेला. वन्संचे कंदील मात्र नमुना म्हणून संस्थेनं ठेवून घेतले. यजमानांनी बोलल्याप्रमाणे त्यांना एसटीत बसवलं. खिडकीतून त्या मला एवढंच म्हणाल्या, "कडी उंच ठेवत जावा."

पहिल्या वर्गाला नव्या शिक्षिकेनं वन्संचा कंदील उंच धरला. "रंग असा टिकला पायजे."

"त्याला काय करावं लागतं, बाई?" मी विचारलं.

"काय म्हंजे? आधी बरण्या धुवायच्या," ती म्हणाली आणि कोपऱ्याकडं बोट केलं. तिथं संस्थेनं खास टँकरवरून भरून आणलेल्या दोन घागरी झाकून ठेवल्या होत्या.