विहिरीजवळचा वाफा

मुलांनो, लग्न होऊन मी परतूरजवळच्या मळ्यात आले, तेव्हा इंग्रजी शिकलेल्या सुनेला शेतातलं काय कळणार, असंच सगळ्यांना वाटे. सासूला मी आत्याबाई म्हणायची. त्यांनी विहिरीजवळचा वाफा दाखवला. "कोथिंबीर बराबर आली तर हा तुझा."

धने फोडून पेरतात एवढं ऐकून होते, म्हणून मी ते पाट्यावर घेतले आणि जोरात वरवंटा फिरवला. त्यांची पूडच झाली. आत्याबाई वाकून म्हणाल्या, "मंग आता पेरती का आमटीत टाकती?"

नवे धने त्यांनी जमिनीवर पसरून वहाणेने हलकेच रगडले. एकेकाच्या दोन फाकी झाल्या, त्या मी पेरल्या.

दहाएक दिवसांनी दाट रोपं उगवली. बोटभर झाल्यावर मधली उपटून विरळणी केली. उपटलेली टाकवेनात, म्हणून बांधालगत त्यांची सरळ रांग लावली. दुपारपर्यंत सगळी आडवी!

"मूळ दुखावलं की कोथिंबीर उभी राहत न्हाई," आत्याबाई हसल्या. "ही पलटण जल्दी चटणीत घाल."

विरळलेला वाफा महिन्याभरात हिरवागार भरला. त्या दिवशी आत्याबाईंनी मूठभर कोथिंबीर खुडली, पण आधी मला विचारून.