स्पंजची सोडत

माझा मामा बेकरीवाला. पावाला जीव लावायचा आणि माणसांवर खेकसायचा. केकचा कोपरा तुटला की तो कधी विकायचा नाही. कुणाच्या तरी पिशवीत गुपचूप सरकवायचा आणि वर त्यालाच ऐकवायचा, की पिशवी धड धरता येत नाही का.

त्याच्या या चोरट्या दानधर्माला दाद न देणारी एकच बाई होती, समोरच्या गल्लीतली शिवणवाली मावशी. बेकरीचे ॲप्रन तीच शिवायची, पण फुकटचा टोस्टही तिच्या घशाखाली उतरत नसे. तिचे यजमान अंथरुणाला खिळलेले. हल्ली त्यांना काही गिळवत नव्हतं. दुधात भिजवलेला मामाचा साधा स्पंज केक तेवढा जायचा, पण रोज कुठून आणणार? मामाने एकदा केक घरी पाठवून पाहिला. तो तसाच परत आला, वर निरोप, की आमच्यावर अजून अशी वेळ आलेली नाही. मामा दिवसभर भट्टीपेक्षा जास्त धुमसत होता.

बेकरीचं पेज मी चालवते. फोनमधला केक बघून कुणाचं पोट भरतं का, असं मला हिणवणारा हा माणूस दुसऱ्या दिवशी हात पुसत माझ्याजवळ आला. म्हणाला, "त्या पेजवर एक स्पर्धा ठेव. जिंकलेलं तरी घेईल ती."

मी पोस्ट लिहिली. पेज फॉलो करा, ही पोस्ट लाइक करा आणि आमच्याकडचं काय आवडतं व ते कुणाला खाऊ घालाल, ते कमेंटमध्ये लिहा. एका व्यक्तीची एकच कमेंट. विजेत्याला महिनाभर दर रविवारी एक केक, दुकानातून न्यायचा. सोडत चिठ्ठ्या टाकून, पेजवर सगळ्यांसमोर. तारखेवरून मात्र आमचं वाजलं. मी म्हटलं, दोन दिवस पुष्कळ झाले. मामा हटून बसला, की पुढच्या रविवारीच. घाईघाईत उरकलं तर तिला संशय येईल, सगळं रीतसर दिसलं पाहिजे. शेवटी शनिवारी संध्याकाळी कमेंट बंद, रविवारी सकाळी निकाल, असं छापून मोकळी झाले.

मावशी ॲप्रनची मापं घ्यायला आली तेव्हा मी स्पर्धेचं सांगितलं. तिने नियम दोनदा वाचायला लावले. सगळ्यांना सारखेच आहेत अशी खात्री पटल्यावर तिच्या भाचीने काढून दिलेल्या खात्यावरून तिने कमेंट टाकली, "साधा स्पंज. ह्यांना."

रविवारी सकाळी मी चिठ्ठ्या लिहायला बसले. बाकीची नावं वहीच्या कागदावर. मावशीची चिठ्ठी मामाने स्वतः लिहून आणली होती, बटर पेपरवर. डब्यात हात घातला की बोटांना गुळगुळीत कागद बरोबर कळतो, त्यात त्याचा जन्म गेलेला. मी भडकले. म्हटलं, लोकांनी विश्वासाने कमेंट केल्यात, ही शुद्ध लबाडी आहे.

"आहे," मामा म्हणाला. "बाकीच्यांना खायला वेळ आहे."

त्याचं चुकत होतं, आणि मला ती चिठ्ठी निघायला हवी होती.

चिठ्ठ्या केकच्या रिकाम्या डब्यात टाकल्या. तेवढ्यात दूधवाला कॅन ठेवता ठेवता म्हणाला, की आज शिवणवाल्या मावशीकडे दूध घातलं नाही. तिचे यजमान पहाटे गेले.

डब्यात हात घालून मामाने बटर पेपरची चिठ्ठी काढली आणि ॲप्रनच्या खिशात ठेवली. सोडत जाहीर केलेली होती, थांबवता येईना. मी फोन धरला, त्याने एक चिठ्ठी उचलली. कुठल्याशा वसतिगृहातली मुलगी जिंकली. तिचं अभिनंदन टाइप करताना मला रडू आलं. मामा भट्टीकडे तोंड करून एवढंच म्हणाला, "तू म्हणत होतीस ते दोन दिवसच बरे होते."

काही दिवसांनी मावशी शिवलेले ॲप्रन घेऊन आली. नवे ॲप्रन काउंटरवर ठेवून ती स्टुलावर टेकली. मामाने तिच्यापुढे चहा ठेवला. तिने निकालाचं विचारलं, मी सांगितलं. तिला बरं वाटलं. म्हणाली, पोरगी लांब राहते बिचारी, तिला घरचं मिळत नसेल.

मग चहाकडे बघत ती मामाला म्हणाली, "हे रोज विचारायचे, रविवार आला का. विकत आणते म्हटलं, तर नको म्हणायचे. म्हणायचे, थांब, आपला नंबर लागेल."

मामाचा हात खिशात गेला आणि तिथेच राहिला. तो आत गेला, ट्रेमधल्या स्पंजचा एक तुकडा कापून बशीत घेऊन आला आणि तिच्यापुढे ठेवून उभा राहिला. मावशीने तो चहात बुडवला आणि सावकाश खाल्ला. पैसे काढायला तिने पिशवीला हात लावला नाही, आणि मामाने पहिल्यांदाच कुणावर न खेकसता मान खाली घातली.