संयमाचा दाखला

धाकट्या जावेने परदेशातल्या वृद्धाश्रमासाठी अर्जाचं पत्र लिहिलं आणि त्याचा मराठी मसुदा वाचायला माझ्याच हातात दिला. आम्ही दोघी इथल्या एकाच वृद्धाश्रमात कामाला. अंथरुणाला खिळलेल्यांना कुशीवर कसं वळवायचं, ते हिला मीच शिकवलं. आता हिच्याकडे वृद्धसेवेचं प्रमाणपत्र, प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र, वर तिकडच्या भाषेची परीक्षाही पास! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"नुसतं 'माझ्या अंगी संयम आहे' म्हटल्यावर कोण विश्वास ठेवणार? दाखला कुठाय?" मी फणकारले.

"दिलाय की, जाऊबाई. खाली वाचा."

खाली लिहिलं होतं, 'गेली सहा वर्षं मी थोरल्या जावेच्या हाताखाली काम करते. एकदाही उलटून बोललेले नाही. खात्रीसाठी त्यांचाच फोन नंबर देत आहे.'