पहिला मान बाबांचा

आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट मी, हे सांगायला मला लाज वाटत नाही. सुदामा नगरच्या घरी सेकंडहँड कॉम्प्युटर आणला आणि त्यावर विंडोज नव्यानं टाकलं, तेही मीच. सेटअपनं नाव विचारलं. घरात पहिला मान मोठ्यांचा, म्हणून मी सियागंजच्या हार्डवेअर दुकानात जन्म घालवलेल्या बाबांना खुर्चीत बसवलं. त्यांनी एका बोटानं नाव घातलं, पासवर्ड घातला. मी मुद्दाम तोंड फिरवलं.

पहिलं खातं आपोआप ॲडमिनिस्ट्रेटर होतं, हे मला ठाऊक नव्हतं. माझं आणि नऊ वर्षांच्या मुलीचं खातं मागाहून जोडलं, ती दोन्ही स्टँडर्ड. नवीन काही टाकायचं म्हटलं की स्क्रीन काळवंडायची, मध्ये बाबांचं नाव यायचं आणि त्यांचा पासवर्ड मागायची.

"बीए झालास भिया, तरी परवानगी मलाच मागतो ना!" बाबा हसायचे.

ते गेले. नाव राहिलं. प्रिंटर जोडायला गेलो, तर स्क्रीन काळवंडली आणि ते समोर. हयात असताना दुपारी ते आपल्या खात्यात काही टाईप करायचे. त्यांचा फोल्डर माझ्या खात्यातून उघडेना. पुन्हा सगळं पुसून विंडोज टाकलं असतं, तर त्यांचं लिहिणंही पुसलं गेलं असतं. मी आठवडाभर हात लावला नाही.

मग एका दुपारी मुलीच्या खात्यात एक नवा खेळ दिसला. पासवर्डाशिवाय तो बसूच शकत नव्हता.

"हे कोणी टाकलं?"

"मी. आजोबांना विचारलं. ते हां म्हणाले."

मी खुर्ची तिच्यापुढे ओढली.

"कसे म्हणाले?"

ती खुर्चीत बसली, एक बोट पुढे केलं आणि बाबांच्याच ठेक्यात पुटपुटत टाईप करू लागली, "अर्धा, पाऊण, सव्वा..." बोल्टांची मापं. बाबांचं खातं उघडलं.

फोल्डरमध्ये एकच फाईल होती. रोजची एक ओळ. 'नातीनं रंगांचा खेळ मागितला. हां म्हटलं.' 'नातीनं बुद्धिबळ मागितलं. हां म्हटलं.' शेवटची ओळ कालची होती. बाबांना जाऊन महिना झाला होता.

"ही तू लिहिलीस?"

"हो ना. ते रोज लिहायचे, मग कोण लिहिणार?"

फाईलची मी पेनड्राइव्हवर कॉपी केली. मग माझं खातं ॲडमिनिस्ट्रेटर केलं, त्यात शिरलो आणि बाबांचं स्टँडर्ड केलं. करायलाच हवं होतं. पोरीच्या हाती सगळ्या कॉम्प्युटरची किल्ली होती. तरी तो एक शब्द बदलताना वाटलं, त्यांना खुर्चीतून उठवतोय.

संध्याकाळी तिनं काहीतरी टाकायला घेतलं. स्क्रीन काळवंडली. मध्ये माझं नाव होतं. तिनं त्या नावावर बोट ठेवलं.

"पापा, आजोबा कुठे गेले?"

महिनाभरात तिनं पहिल्यांदाच विचारलं होतं.